रेफरन्स म्हणजे जामीनदार नव्हे

*मी ३८ वर्षांचा, चाकणला एका कंपनीत सुपरवायझर आहे. घरातल्या आजारपणासाठी एका फायनान्स कंपनीकडून तीन लाखांचं पर्सनल लोन घेतलं. हप्ता १०,५४७ रुपये. ओव्हरटाइम बंद झाल्यापासून हातात २६ हजारच येतात, त्यामुळे चार हप्ते थकले. आता वसुलीवाले दिवसाला पंधरा-वीस फोन करतात, कधी सकाळी सातला, कधी रात्री साडेनऊला. फॉर्मवर रेफरन्स म्हणून बहिणीचा नंबर दिला होता, तर तिला म्हणाले, "भाऊ पळाला तर तुला भरावं लागेल." गावाकडे वडिलांच्या दारात दोघे जाऊन बसले आणि शेजाऱ्यांसमोर काय काय बोलले. ६१ हजार आजच्या आज त्यांच्या यूपीआयवर टाका, नाहीतर पोलीस उचलतील आणि पगार बंद करू, असं म्हणतात. चुलतभाऊ सांगतो, सिम बदल. पण पैसे तर मी घेतलेच आहेत, मग ऐकून घ्यायला नको का? काय करू?*
*— एक वाचक, चाकण*

तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. पैसे देणं लागता, हे खरं. पण ते फायनान्स कंपनीला आणि करारात लिहिलंय तेवढंच. घरच्यांची बेअब्रू, रात्रीचे फोन, वडिलांच्या दारातला तमाशा यांतलं काहीही तुम्ही देणं लागत नाही. या दोन गोष्टी तुम्ही वेगळ्या करणं वसुलीवाल्याला नको असतं, कारण शरमेने माणूस हिशेब न विचारता पैसे टाकतो. तुम्हाला ६१ हजारांचा हिशेब कोणी दिला का? पत्रात तसं काही दिसत नाही.

चुलतभावाच्या सल्ल्यात मोह आहे, पण सिम बदललं की उरलेला सगळा मारा बहिणीवर आणि वडिलांवर जाईल. कंपनीच्या नोंदीत तुम्ही 'संपर्काबाहेर' म्हणून लागाल आणि उद्या तुम्ही तक्रार केलीत तर कंपनी तीच नोंद पुढे करेल. शिवाय धमक्यांचा पुरावा आज त्याच फोनमध्ये आहे. नंबर चालू ठेवा, फोन बदलू नका, काही डिलीट करू नका.

त्यांना काय करता येतं

हे आधी सांगतो, कारण प्रत्येक फोन म्हणजे छळ असं धरून चाललात तर तक्रार लंगडी पडेल. सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळात कंपनीचा माणूस फोन करू शकतो, सभ्य भाषेत हप्ता मागू शकतो आणि घरी येऊन भेटू शकतो. थकबाकीची माहिती सिबिलसारख्या संस्थांकडे जाते, तेही कायदेशीर आहे. तुमचा पहिला चुकलेला हप्ता ९० दिवसांपलीकडे गेला असेल तर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरलं असणार. बहुतेक ठिकाणी फाइल बाहेरच्या एजन्सीकडे जाते ती याच सुमाराला. म्हणून अचानक सूर बदलल्यासारखा वाटतो.

कंपनी वकिलाची नोटीस पाठवू शकते, करारात कलम असेल तर लवादाकडे जाऊ शकते, दिवाणी दावा लावू शकते. या कागदांकडे दुर्लक्ष करू नका. मुदतीत उत्तर गेलं नाही तर तुमची बाजू न ऐकताच निकाल लागू शकतो.

आता "पोलीस उचलतील" याबद्दल. हप्ता थकणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी वाद आहे. त्यासाठी पोलीस घरी येत नाहीत. फक्त एक कोपरा नीट समजून घ्या. हप्ता बँक खात्यातून आपोआप कापला जावा म्हणून तुम्ही मॅन्डेट दिलं असेल आणि शिल्लक नसल्याने ते परत गेलं, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली, चेक बाउन्ससारखीच, तक्रार होऊ शकते. पण त्याची एक वाट ठरलेली आहे: बँकेकडून परतीची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने लेखी नोटीस द्यायची, ती मिळाल्यावर तुम्हाला १५ दिवस, आणि त्या मुदतीतही पैसे गेले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे तक्रार. समन्स येतं, वकील लावून हजर राहायचं. एजंटच्या फोनवरून उद्या अटक होत नाही. मात्र अशी नोटीस आली तर ती उशीखाली ठेवू नका, त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर तिथे मोफत वकील मिळतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'कोर्ट नोटीस' किंवा 'वॉरंट' आलं असेल तर ते खरं की शिवाजीनगरच्या झेरॉक्सच्या दुकानात केलेलं, हे तपासता येतं. खऱ्या खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. services.ecourts.gov.in वर तो टाकून पाहा, नसेल तर तुमचं नाव आणि जिल्हा टाकून शोधा. लोकअदालतीची नोटीस कधी कधी खरी असते, पण ती तडजोडीचं बोलावणं असते. तडजोड नाकारली म्हणून कोणी आत टाकत नाही.

पगाराचं म्हणाल तर एजंटच्या फोनवरून तुमचा एचआर एक रुपयाही कापू शकत नाही. त्याला न्यायालयाचा आदेश लागतो, म्हणजे आधी दावा, मग हुकूमनामा, मग अंमलबजावणी. तेव्हाही दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडायला लावतं. ढोबळ हिशेब केला तर २६ हजारांतले १७,६६७ रुपये सुरक्षित आणि जास्तीत जास्त ८,३३३ जप्त होऊ शकतात. म्हणजे अगदी वाईट झालं तरी पगार 'बंद' होत नाही. एक सावधगिरी मात्र हवी: पगार ज्या बँकेत जमा होतो तिचंच दुसरं कर्ज थकलं असेल, तर करारानुसार ती बँक खात्यातली रक्कम वळती करून घेऊ शकते. तुमचं कर्ज फायनान्स कंपनीचं आहे, तेव्हा हा धोका इथे नाही.

रेषा कुठे ओलांडली

ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँका आणि फायनान्स कंपन्यांना स्पष्ट शब्दांत कळवलं आहे. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाहीत, सतत फोनचा मारा नाही, धमकीचे किंवा निनावी फोन नाहीत, चारचौघांत अपमान नाही, मोबाइलवर किंवा सोशल मीडियावर घाणेरडे मेसेज नाहीत, खोटी माहिती देणं नाही, आणि कर्जदाराच्या कुटुंबाच्या, रेफरन्सच्या, मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसणं नाही. रेफरन्सचा उल्लेखही त्या यादीत आहे, हे लक्षात ठेवा. एजंट बाहेरच्या एजन्सीचा असला तरी त्याने जे केलं त्याची जबाबदारी कंपनीवर राहते. "तो आमचा माणूस नाही" हे उत्तर चालत नाही.

बहिणीचा मुद्दा इथेच संपतो. रेफरन्स म्हणजे 'हा माणूस अमुक पत्त्यावर राहतो का' हे विचारण्यापुरता नंबर. पैसे भरायची जबाबदारी जामीनदाराची किंवा सहकर्जदाराची असते आणि त्यासाठी त्या माणसाची कर्जाच्या कागदांवर सही किंवा ओटीपीने दिलेली संमती लागते. कराराची प्रत कंपनीकडून मागवून घ्या आणि 'गॅरंटर' व 'को-अ‍ॅप्लिकंट' या रकान्यांत बहिणीचं नाव नाही, एवढं बघा. नसेल तर तिने फोनवर एकच वाक्य म्हणायचं: "मी जामीनदार नाही, या कर्जाबद्दल मला फोन करू नका." पुढे वाद घालत बसायचं नाही. त्या वाक्यानंतर आलेला प्रत्येक फोन तक्रारीत मोजता येतो.

वडिलांकडे गेलेल्यांचं तर आणखी सरळ आहे. कर्जदाराला भेटायचं ठिकाण तो सांगेल ते, तसं काही सांगितलं नसेल तर त्याचं घर, आणि तिथे तो सापडत नसेल तरच त्याचं कामाचं ठिकाण, अशी बँकांच्या आचारसंहितेतली रीत आहे. दुसऱ्या गावी राहणाऱ्या, कर्जाशी संबंध नसलेल्या वडिलांच्या ओट्यावर बसून शेजाऱ्यांना थकबाकी सांगणं कुठल्याच रीतीत बसत नाही. पुन्हा आले तर वडिलांनी दोन कागद मागायचे: ओळखपत्र आणि कंपनीने त्या माणसाला वसुलीसाठी दिलेलं अधिकारपत्र. दोन्ही त्याच्याजवळ असणं बंधनकारक आहे. मोबाइलवर फोटो काढून घ्यायचा. "जा" म्हटल्यावरही धमकवायला घरात किंवा ओट्यावर बसून राहिला तर तो गृहअतिक्रमणाचा, दखलपात्र गुन्हा होतो. ११२ लावायचा.

घरातली वस्तू, गाडी, मोबाइल, एटीएम कार्ड घेण्याचा अधिकार तर कोणालाच नाही, कारण तुमचं कर्ज विनातारण आहे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही मागितली तरी देऊ नका. (वाहन किंवा घर तारण असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ताब्याची कायदेशीर प्रक्रिया असते. पण गुंड पाठवून ताबा घ्यायचा नाही, हे वाहनकर्जाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावलंय.)

६१ हजार आले कुठून?

चार हप्ते म्हणजे ४२,१८८ रुपये. वरचे जवळजवळ १९ हजार कशाचे, हे लेखी मागा. त्याला खातेउतारा म्हणतात आणि तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. उदाहरणादाखल मांडून पाहू. करारात हप्ता परत गेल्याचा दंड ५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी असेल तर चार वेळचे २,३६० होतात. उशिराचा दंड थकलेल्या हप्त्यावर महिन्याला २ टक्के असेल, तर पहिला हप्ता चार महिने, दुसरा तीन, तिसरा दोन, चौथा एक, असे दहा हप्ता-महिने धरून २,१०९ होतात. बेरीज ४६,६५७. तुमच्या करारातले आकडे वेगळे असू शकतात, पण हिशेबाची रीत हीच. या उदाहरणाप्रमाणे १४,३४३ रुपयांना काही आधारच उरत नाही. 'व्हिजिट चार्ज', 'लीगल फी' अशा नावाने काही लावलं असेल तर करारात त्याची ओळ दाखवा म्हणायचं.

दंडाबाबत एक नियम हाताशी ठेवा. २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंडशुल्क लावता येतं, आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात दंडाची रक्कम मुदलात मिसळून त्यावर व्याज धरलेलं दिसलं तर तेवढं खोडायला लावा.

आणि त्यांच्या यूपीआयवर एक पैसाही टाकू नका. एजंटच्या खात्यात गेलेले पैसे कंपनीच्या खात्यात पोहोचतीलच असं नाही, आणि नंतर कंपनी म्हणते, "आमच्याकडे जमा नाही." पैसे फक्त कंपनीच्या अ‍ॅपवर, वेबसाइटवर किंवा शाखेत, लोन खाते क्रमांक टाकून, आणि पावती घेऊन.

या आठवड्यात

आधी एक वही करा. तारीख, वेळ, कुठल्या नंबरवरून फोन, कोणाला, काय शब्द. मोघम 'खूप फोन आले' लिहून उपयोग नाही, '१४ तारीख, सकाळी ७.०५, बहिणीला, "तुला भरावं लागेल"' असं हवं. बहिणीची आणि वडिलांची वेगळी पानं. कॉललॉगचे स्क्रीनशॉट काढताना नंबर दिसला पाहिजे. 'वसुलीवाला' असं नाव सेव्ह केलंत तर चित्रात नावच दिसतं आणि नंबर लपतो, हमखास होणारी चूक. काही फोनवर रेकॉर्डिंग सुरू होताच समोरच्याला सूचना ऐकू जाते आणि तो लगेच गोड होतो. मग फोन स्पीकरवर ठेवून दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्ड करा. मूळ फाइल कापू नका, नाव बदलू नका, ती ज्या फोनवर तयार झाली तो फोन जपून ठेवा.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. त्याचं नाव आणि पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो, करारातही असतो. कस्टमर केअरला फोन करून भागत नाही. ईमेल मराठीत लिहिलात तरी चालेल, असा:

"माझं कर्ज खातं क्रमांक ____. चार हप्ते थकले आहेत, हे मला मान्य आहे आणि फेडायचे आहेत. कृपया सात दिवसांत (१) कराराची प्रत, (२) आजचा खातेउतारा आणि दंडाचं विवरण, (३) माझ्या खात्यासाठी नेमलेल्या वसुली एजन्सीचं नाव आणि एजंटांचे अधिकारपत्र पाठवा. ____ ते ____ या काळात सोबत जोडलेल्या यादीप्रमाणे नियमबाह्य वेळी फोन, माझ्या बहिणीला व वडिलांना धमकी आणि शेजाऱ्यांसमोर अपमान झाला आहे. यापुढे संपर्क फक्त माझ्या या नंबरवर, सोमवार ते शनिवार, संध्याकाळी ५.३० ते ७ या वेळात करावा. माझा पगार घटल्याने पुढचे सहा महिने दरमहा ५,००० रुपये आणि त्यानंतर पूर्ण हप्ता, अशी फेररचना द्यावी, ही विनंती. सोबत पगाराच्या शेवटच्या तीन पावत्या."

पाच हजार मी २६ हजारांच्या पगारावर अंदाजाने लिहिले. घरभाडं, किराणा, औषधं काढून जे खरोखर जमेल तेच लिहा. दहा लिहून दुसऱ्याच महिन्यात चुकलात तर पुढची बोलणी संपली. कंपनीने हो म्हणावं अशी सक्ती नाही, पण तुम्ही पळत नाही, मार्ग मागताय, हे कागदावर राहतं. आणखी एक फायदा असा की २००८ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे, कर्जदाराची तक्रार निकाली निघेपर्यंत बँकेने ते प्रकरण वसुली एजंटकडे पाठवायचं नसतं. तक्रार निव्वळ त्रास देण्यासाठी वारंवार केलेली आहे असं बँकेने पुराव्याने दाखवलं तरच अपवाद. सूचना बँकांना उद्देशून आहेत, तरी फायनान्स कंपनीला लिहिताना तोच आग्रह धरायला हरकत नाही.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा गुळमुळीत आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करा. फुकट आहे, वकील लागत नाही. अडलात तर १४४४८ वर फोन. कंपनीला केलेला ईमेल तिथे जोडावाच लागतो. तो न पाठवता थेट लोकपालाकडे गेलेल्या तक्रारी परत येतात. आर्थिक नुकसानीसोबत मानसिक त्रासाचीही भरपाई मागता येते, तो रकाना रिकामा सोडू नका.

पोलिसांत जायला मात्र ३० दिवस थांबू नका. ठाण्यात नुसत्या धमकीला बहुधा अदखलपात्र म्हणून एनसी लिहून देतात, तिची प्रत घ्या, ती लोकपालाकडे उपयोगी पडते. पण कोणी स्वतःला पोलीस किंवा कोर्टाचा माणूस म्हणवलं असेल, बहिणीला अश्लील बोललं असेल किंवा घरात घुसलं असेल, तर तो दखलपात्र गुन्हा आहे आणि एफआयआर मागायची. अर्जात 'हप्त्याचा वाद' असं लिहू नका, त्या शब्दावर ठाण्यात "दिवाणी आहे, कोर्टात जा" हे उत्तर तयार असतं. वही समोर ठेवून कोण, कधी, काय म्हणाला एवढंच लिहा.

तुमच्यासारखीच स्थिती असलेल्या पण कर्ज वेगळ्या ठिकाणचं असलेल्या वाचकांसाठी थोडं. पतसंस्थेचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल ऐकणार नाही; तिथे सहकार खात्याचे उपनिबंधक. आणि पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला असेल तर त्याला जप्तीचे खरे अधिकार असतात, त्याला एजंट समजून हाकलू नका. मोबाइल अ‍ॅपवरून कर्ज घेतलं असेल आणि अ‍ॅपने तुमचे काँटॅक्ट उपसून सगळ्यांना मेसेज टाकले असतील, तर काँटॅक्ट आणि गॅलरी उघडायलाच रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना मनाई केली आहे. फोटो बिघडवून पाठवले असतील तर १९३० वर फोन आणि cybercrime.gov.in वर तक्रार, त्याच दिवशी.

उद्या फायनान्स कंपनी तुम्हाला 'सेटलमेंट' देऊ करेल, एकरकमी कमी पैशांत. घ्यायचीच असेल तर आधी कंपनीच्या लेटरहेडवर, ईमेलने, रक्कम आणि तारखेसह पत्र, मग पैसे. एजंटचा तोंडी आकडा किंवा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप पुरत नाही. सिबिलमध्ये ते खातं 'सेटल्ड' दिसेल, 'क्लोज्ड' नाही, आणि पुढची काही वर्षं गृहकर्ज मागताना ते आडवं येईल. तुमचे चार हप्तेच थकलेत, तेव्हा फेररचना मिळत असेल तर तिकडेच जा. शेवटचा हप्ता गेल्यावर नो ड्यूज पत्र मागून घ्या आणि महिन्याभराने स्वतःचा सिबिल रिपोर्ट काढून बघा. नोंद चुकीची राहिली असेल तर तक्रार केल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त व्हायला हवी, नाही झाली तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तुम्हाला मिळतात.